नकाशावरची फूटपट्टी आणि जमिनीवरचा टेप

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचे शब्दांकन)



सचिवांनी मला विषय दिला होता 'कॉलनीचा नकाशा कसा वाचावा'. हा विषय एका संध्याकाळीत बसणारा नाही, म्हणून त्यातला एकच तुकडा मी उचलला आहे. नकाशावर स्केल लिहिलेलं असतं. आपण फूटपट्टी ठेवतो, गुणाकार करतो आणि प्लॉट एवढा लांब, एवढा रुंद, एवढ्या चौरस फुटांचा असं म्हणतो. हे उत्तर खरं आहे की नाही, ते कसं तपासायचं, एवढंच आज बोलू. आपल्या इंदूरमध्ये बायपासच्या पलीकडे प्लॉट घेतलेली बरीच मंडळी इथे बसली आहेत. रजिस्ट्री वकिलाला दाखवलेली असते, बँकेलाही दाखवलेली असते. नकाशाची प्रत मात्र कपाटात घडी घालून ठेवलेली असते. आज ती घडी उघडायची आहे.

तुमच्या हातात जो कागद दिला आहे तो कोणत्याही खऱ्या कॉलनीचा नाही. मीच तो काढला आहे आणि हिशेब सोपे यावेत म्हणून आकडेही बेतून घेतले आहेत. कागदावर ९ मीटरचा रस्ता आहे. त्याला लागून एका रांगेत दहा प्लॉट आहेत, प्रत्येक ९ मीटर रुंद आणि १५ मीटर खोल. त्यांच्या मागे पाठीला पाठ लावून तशीच दुसरी रांग आहे. पहिल्या रांगेच्या टोकाला अकरावा, कोपऱ्यावरचा प्लॉट आहे. तिथे दुसरा रस्ता तिरका येतो, म्हणून हा प्लॉट वाकडा आहे. पुढून अरुंद, मागून रुंद. झेरॉक्समध्ये त्याच्या बाजूंवरचे आकडे पुसट झालेत, क्षेत्रफळाचा तक्ता प्रतीत आलेलाच नाही, आणि कुणीतरी त्यावर पेन्सिलीने '२०६७ चौ. फूट' असं लिहून ठेवलं आहे. खाली कोपऱ्यात छापलं आहे: स्केल १:५००.

१:५०० म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर ५०० मिलिमीटर, अर्धा मीटर. इथवर सगळ्यांना माहीत असतं. पण हे वाक्य ज्या कागदावर मूळ नकाशा काढला त्या कागदापुरतंच खरं आहे. प्रत काढताना रेषा लहान होतात, मोठ्या होतात, 'स्केल १:५००' ही अक्षरंसुद्धा लहान-मोठी होतात, पण त्यांचा अर्थ काही बदलत नाही. ए-२ कागदावरचा नकाशा ए-३ वर उतरवला की प्रत्येक लांबी सुमारे ७१ टक्के उरते आणि १:५०० चं प्रत्यक्षात १:७०७ होतं. हा बदल निदान डोळ्यांना खटकतो. खरा घोटाळा बारीक बदलात होतो. पीडीएफ छापताना संगणकाच्या पडद्यावर Fit आणि Actual size असे दोन पर्याय येतात. Fit निवडलेलं असेल तर छपाईयंत्र कडेची कोरी पट्टी सोडण्यासाठी नकाशा थोडा आक्रसून छापतं. कागद तोच ए-३, नकाशा दिसायला तोच, कुणालाही संशय येत नाही.

म्हणून पहिलं काम असं: छापलेल्या स्केलवर विश्वास ठेवण्याआधी, हातातल्या प्रतीचं स्केल आपण स्वतः काढायचं. त्यासाठी नकाशावर जिचा आकडा लिहिलेला आहे अशी एखादी लांबी हवी. बरेच जण रस्ता घेतात, कारण '९.०० मी.' हे ठळक लिहिलेलं असतं. पण रस्ता घेऊ नका. १:५०० ला नऊ मीटर म्हणजे कागदावर जेमतेम १८ मिलिमीटर. साध्या फूटपट्टीने आपण अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे वाचतोच, आणि अठरात अर्धा म्हणजे जवळजवळ तीन टक्के चूक सुरुवातीलाच. लांबलचक माप घ्या. दहा प्लॉटची रांग म्हणजे ९० मीटर. आता पट्टी ठेवून बघा. प्लॉट एकच्या बाहेरच्या रेघेपासून प्लॉट दहाच्या शेवटच्या रेघेपर्यंत किती येतात?

(श्रोत्यांतून: "एकशे एकोणसत्तर.")

बरोबर, १६९ मिलिमीटर. १:५०० असतं तर १८० यायला हवे होते. ९० मीटरला १६९ ने भागलं की एका मिलिमीटरला ०.५३३ मीटर येतात. म्हणजे तुमच्या हातातली प्रत १:५३३ आहे. छापताना ती सुमारे ९४ टक्क्यांवर आली. इथेही अर्ध्या मिलिमीटरची चूक होईलच, पण १६९ मध्ये अर्धा म्हणजे ०.३ टक्के. तेवढी चालेल.

हेच दुसऱ्या दिशेने करायचं. पाठीला पाठ लागलेल्या दोन रांगांचे ३० मीटर, मधला ९ मीटरचा रस्ता, पलीकडच्या दोन रांगांचे ३० मीटर, एकूण ६९ मीटर. कागदावर हे साडेएकशे एकोणतीस मिलिमीटर भरतं. भागाकार पुन्हा ०.५३३. दोन्ही दिशांनी सारखं आलं, म्हणजे नकाशा सगळीकडून सारखा आक्रसला आहे आणि ही प्रत वापरण्याजोगी आहे. आडवं एक आणि उभं दुसरंच आलं, तर ती प्रत बाजूला ठेवा. मोबाइलने तिरका फोटो काढून पाठवलेल्या नकाशात असं हमखास होतं. जवळची कड मोठी, दूरची लहान. तिथे एक स्केल नसतंच, मग काढणार काय?

काही नकाशांवर खाली एक आडवी पट्टी असते, ० पासून १०, २०, ३० मीटर अशी खुणा केलेली. ती असेल तर नशीब समजा. नकाशा जितका आक्रसतो तितकीच ती पट्टीही आक्रसते. अशा पट्टीची लांबी मोजली की वरचा भागाकार तिच्यावरूनच होतो. एकच लक्षात ठेवा, ती पट्टीसुद्धा लांब असेल तरच उपयोगाची.

आता कोपऱ्यावरच्या प्लॉटकडे येऊ. पुढची बाजू १५ मिलिमीटर, प्लॉट दहाला लागून असलेली बाजू २८, मागची ३०, आणि तिरक्या रस्त्याकडची ३२. या चार आकड्यांचं लोक काय करतात? समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढतात आणि दोन सरासऱ्या गुणतात. पेन्सिलीने लिहिलेले २०६७ असेच आलेत. जमिनीवरच्या मापात पुढची ८ मीटर, मागची १६, सरासरी १२. एक बाजू १५, दुसरी १७, सरासरी १६. बारा सोळे १९२ चौरस मीटर, त्याला १०.७६४ ने गुणलं की २०६७ चौरस फूट. गुणाकारात चूक नाही. रीतच चुकीची आहे.

ही रीत जुनी आहे. ब्रह्मगुप्ताने सन ६२८ मध्ये ब्रह्मस्फुटसिद्धान्तात ती दिली आहे, पण तिला त्याने स्थूल क्षेत्रफळ म्हटलं, अंदाजाचं, आणि सूक्ष्म क्षेत्रफळासाठी वेगळी रीत सांगितली. स्थूल हा शब्द आपण विसरलो आणि रीत तेवढी ठेवली! काटकोनी चौकोनात ती बरोबर उत्तर देते. बाकी कोणत्याही चौकोनात ती खऱ्यापेक्षा जास्तच दाखवते, कमी कधीच नाही. म्हणजे चूक नेहमी विकणाऱ्याच्या पदरात.

याचं कारण हातात धरून बघता येतं. आगपेटीचं बाहेरचं रिकामं टरफल घ्या आणि दोन कोपऱ्यांवर दाबा. चारही बाजू तेवढ्याच राहतात, पण मधली पोकळी कमी कमी होत शेवटी टरफल चपटं होतं. चार बाजू त्याच, क्षेत्रफळ शून्य. तेव्हा नुसत्या चार बाजूंवरून चौकोनाचं क्षेत्रफळ सांगता येत नाही, पाचवं माप लागतं आणि ते म्हणजे कर्ण. भास्कराचार्यांनी लीलावतीत हे फार तिखट सांगितलं आहे. कर्ण किंवा लंब न देता जो चौकोनाचं क्षेत्रफळ विचारतो त्याला ते पिशाच म्हणतात, आणि जो असल्या प्रश्नाचं उत्तर देतो तो त्याहून मोठा पिशाच. हे सन ११५० चं. आपल्याकडे चार बाजूंवरून दर ठरवणारे आजही पुष्कळ भेटतात, त्यांना काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा.

तर कर्ण मोजू. पुढच्या बाजूच्या रस्त्याकडच्या कोपऱ्यापासून मागच्या आतल्या कोपऱ्यापर्यंत रेघ ओढा. ती ३२ मिलिमीटर येते. आता चौकोनाचे दोन त्रिकोण झाले. पहिल्याच्या बाजू १५, २८ आणि ३२, दुसऱ्याच्या ३०, ३२ आणि ३२. त्रिकोणाच्या तीन बाजू माहीत असल्या की क्षेत्रफळ काढायची रीत शाळेत हेरॉनच्या नावाने शिकलो होतो. तिन्ही बाजूंची बेरीज करून निम्मी करा. त्या निम्म्यातून एकेक बाजू वजा करा. निम्मी बेरीज आणि तीन वजाबाक्या असे चार आकडे एकमेकांना गुणा आणि वर्गमूळ घ्या. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांचं काम.

पहिल्या त्रिकोणाची निम्मी बेरीज ३७.५. वजाबाक्या २२.५, ९.५ आणि ५.५. चौघांचा गुणाकार ४४,०८६ आणि वर्गमूळ २१०. दुसऱ्याची निम्मी बेरीज ४७, वजाबाक्या १७, १५ आणि १५, गुणाकार १,७९,७७५ आणि वर्गमूळ ४२४. मिळून ६३४ चौरस मिलिमीटर. हे कागदावरचं क्षेत्रफळ झालं. ते जमिनीवर न्यायचं आहे, आणि इथे सगळ्यात जास्त पाय घसरतात.

लांबीला ०.५३३ ने गुणायचं, तर क्षेत्रफळाला ०.५३३ च्या वर्गाने गुणायचं, कारण लांबीही ताणली जाते आणि रुंदीही. ०.५३३ चा वर्ग ०.२८४. ६३४ ला ०.२८४ ने गुणलं की १८० चौरस मीटर, म्हणजे १९३७ चौरस फूट. याच ६३४ ला छापलेल्या १:५०० प्रमाणे, म्हणजे अर्ध्याच्या वर्गाने, ०.२५ ने गुणलं असतं, तर साडेएकशे अठ्ठावन्न चौरस मीटर आले असते, सुमारे १७०६ चौरस फूट. प्रत फक्त सहा टक्के आक्रसली होती, क्षेत्रफळात फरक बारा टक्क्यांचा पडला. अशा वेळी माणूस बिचारा विकणाऱ्याशी भांडायला जातो की माझे अडीचशे फूट कुठे गेले. ते कुठे गेलेले नसतात, छपाईत गेलेले असतात.

म्हणजे एकाच प्लॉटची तीन उत्तरं आपल्यासमोर आहेत: १७०६, १९३७ आणि २०६७. त्यातलं मधलं खरं. पण किती खरं? नकाशावर पट्टी ठेवून आलेलं १८० हे काही १८०.०० नव्हे. अर्ध्या मिलिमीटरची चूक म्हणजे जमिनीवर २७ सेंटिमीटर. मूळ रेघच तेवढी जाड असू शकते आणि माप तिच्या आतून घ्यायचं की बाहेरून, हा प्रश्न उरतोच. सगळ्या बाजूंत अर्धा-अर्धा मिलिमीटर एकाच दिशेने चुकला तर क्षेत्रफळ सात चौरस मीटरनी हलतं, साधारण पंचाहत्तर चौरस फुटांनी. तेव्हा कागदावरून आपण एवढंच म्हणू शकतो की प्लॉट १७३ ते १८७ चौरस मीटरच्या दरम्यान आहे. १९२ चा दावा त्यात बसत नाही, १५८ ही बसत नाही. पण एक जण १८० म्हणतो आणि दुसरा १८३, त्यांचा वाद कागदावर मिटणार नाही. त्यासाठी मंजूर नकाशातले लिहिलेले आकडे आणि जागेवरचा टेप. नकाशावर लिहिलेला आकडा आणि पट्टीने मोजलेलं माप यांत फरक आला तर लिहिलेला आकडा धरायचा. तो वाचता येत नसेल तर स्वच्छ प्रत मागवायची.

लिहिलेल्या आकड्यांत एक आपल्या गावातली गंमत आहे. बोलताना आपण 'तीस बाय पन्नास' म्हणतो, म्हणजे १५०० चौरस फूट. नकाशावर तोच प्लॉट ९ बाय १५ मीटर असतो. ९ गुणिले १५ म्हणजे १३५ चौरस मीटर, आणि त्याचे होतात १४५३ चौरस फूट. 'वीस बाय पन्नास'ही तसाच: ६ बाय १५ मीटरचे ९६९. तीस फूट म्हणजे ९.१४ मीटर, ते ९ झाले, पन्नास फूट म्हणजे १५.२४, ते १५ झाले. तुमच्या प्लॉटवर कुणी अतिक्रमण केलेलं नाही. मीटरचे फूट करताना तोंडी बोलण्यातला गोल आकडा आणि नकाशातला गोल आकडा वेगवेगळे पडले. पैसे कोणत्या आकड्यावर मोजले, ते मात्र बघा.

आता जागेवर. दोन माणसं आणि ३० मीटरचा टेप हवा, शक्यतो स्टीलचा. कापडी किंवा फायबरचा टेप ओढला की ताणला जातो. टेपचा शून्य कुठे आहे ते आधी बघा. काही टेपांत तो कडीच्या बाहेरच्या काठावर असतो, काहींत कडी सोडून आत. तुटलेला टेप जोडून घेतलेला असेल तर सुरुवातीचे दहा सेंटिमीटर गायबही असतात. माप डांबराच्या कडेपासून सुरू करू नका. नकाशातला ९ मीटरचा रस्ता म्हणजे समोरासमोरच्या प्लॉटच्या हद्दींमधलं अंतर. डांबर त्याच्या मधोमध थोडंसंच असतं, दोन्ही कडांना माती आणि नाली हा रस्त्याचाच भाग. डांबरापासून मोजणाऱ्याला आपला प्लॉट नेहमी मोठा वाटतो!

खुंट्या किंवा दगड आहेत तिथे चारही बाजू मोजा. कोपऱ्याच्या प्लॉटला त्या ८, १५, १६ आणि १७ मीटर आल्या. आता तो कर्ण मोजा. नकाशाप्रमाणे तो १७ मीटर यायला हवा. हेरॉनच्या रीतीने पुन्हा बघा, पहिला त्रिकोण ६० चौरस मीटर, दुसरा १२०, बेरीज १८०. यानंतर दुसरा कर्णही मोजा. क्षेत्रफळासाठी त्याची गरज नाही, तपासणीसाठी आहे. चार बाजू आणि एक कर्ण ठरला की दुसरा कर्ण आपोआप ठरतो. आपल्या प्लॉटला तो २१.९३ मीटर यायला हवा. टेपवर २१.९० किंवा २१.९५ आलं तर ठीक, हाताची चूक. एकवीस-चाळीस आलं तर एखादी बाजू वाचताना चुकली आहे. आधी पुन्हा मोजा. आणि पुन्हा मोजल्यावर सगळी मापं एकमेकांशी जुळली, पण नकाशाशी जुळली नाहीत, तर खुंटी सरकलेली आहे.

जमीन उताराची असेल तर टेप जमिनीवर टाकून मोजू नका. नकाशातलं अंतर आडवं असतं. पंधरा मीटरमध्ये दोन मीटर उतार असेल तर जमिनीलगतचं माप १५.१३ येतं. टेप आडवा ताणायचा आणि खालच्या टोकाला ओळंबा सोडायचा. आपल्याकडे सपाट काळी जमीन, इतका उतार क्वचित, पण नाल्याकाठच्या प्लॉटांना हे लागू पडतं.

आणखी एक. रस्त्यांच्या कोपऱ्यावर वळणासाठी प्लॉटचा कोपरा कापलेला असतो. आपल्या प्लॉटचा कोपरा दोन्ही बाजूंनी दोन-दोन मीटर कापला, तर पावणेदोन चौरस मीटर जातात, एकोणीस चौरस फूट. बाजूची लांबी कापलेल्या टोकापर्यंत लिहिली आहे की काल्पनिक कोपऱ्यापर्यंत, हे नकाशात बघावं लागतं. तक्त्यातला आकडा तुमच्या हिशेबापेक्षा एवढाच कमी आला, तर आधी कोपऱ्याकडे बघा.

आता प्रश्न असतील तर घेऊ.

(एका श्रोत्याने विचारले: मोबाइलमध्ये पीडीएफवरच बोटाने अंतर मोजता येतं, मग छापायची गरज काय?)

छापायची गरज नाही, काका. पण ते ॲपही स्केल विचारतंच. तिथे १:५०० टाकलंत तर पीडीएफ कुणीतरी आधीच ए-३ वर आक्रसून साठवलेली असू शकते, तीच चूक पुन्हा होईल. त्याऐवजी दहा प्लॉटची रांग बोटाने निवडा आणि ती ९० मीटर आहे असं ॲपला सांगा. मग उभं माप घेऊन ६९ येतात का ते बघा. पीडीएफ थेट मूळ नकाशावरून बनलेली असेल तर रेघ मोठी करून अचूक पकडता येते, अर्ध्या मिलिमीटरची अडचण बरीचशी जाते. कागद स्कॅन करून बनवलेली असेल तर मोठी केल्यावर फक्त रेघ जाड होते.

(दुसरा प्रश्न: खुंटी सरकलेली निघाली तर स्वतः पुन्हा ठोकावी का?)

नाही ताई, अजिबात नाही. शेजाऱ्याच्या प्लॉटचे दोन्ही कर्ण आधी मोजा, त्याच्या संमतीने. दोन प्लॉटना सामाईक असलेल्या खुंटीमुळे दोघांचीही मापं बिघडलेली दिसतील, आणि एकाचं जेवढं वाढलं तेवढं दुसऱ्याचं कमी झालेलं असेल. मापं तारीख घालून कागदावर लिहा, दोघांनी सह्या करा आणि तो कागद घेऊन सीमांकनाचा अर्ज तहसीलमध्ये द्या. बांधकाम सुरू व्हायच्या आधी.